पाच गुणांतले अडीच गुण
मोजमाप : लेखांक ७

प्रशिक्षणाच्या अहवालात एक वाक्य हमखास असते : ‘प्रशिक्षणापूर्वी सरासरी गुण इतके होते, प्रशिक्षणानंतर इतके झाले, सबब प्रशिक्षण यशस्वी झाले.’ गेल्या आठवड्यात आपण प्रश्नपत्रिका कशी तयार करायची ते पाहिले. आज तिच्यातून आलेल्या गुणांकडे पाहू. ‘सबब’ या शब्दापाशी थांबून, तो लिहिण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे ते तपासायचे आहे.

उदाहरण हिंदमाताचे घेऊ. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. मोठा पाऊस झाला की परळ-दादरकडचे पाणी इथे उतरते. २०२१मध्ये महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली साठवण टाक्या केल्या, तरी पावसाळा म्हटले की इथल्या कापडवाल्यांचे लक्ष रस्त्याकडेच असते. पाणी चढू लागले की खालच्या फळ्यांवरचे तागे आणि साड्यांचे गठ्ठे वर चढवायचे, आणि घरी जायचे ते त्याच पाण्यातून. लेप्टोची भीती असते ती इथे. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती.

समजा, इथल्या दुकानांतल्या ३० विक्रेत्यांना आणि हमालांना लेप्टोविषयी प्रशिक्षण दिले. जूनमध्ये दर आठवड्याला एक अशी चार सत्रे झाली. पहिल्या सत्राआधी २० गुणांची पूर्वचाचणी घेतली, चौथ्यानंतर तीच उत्तरचाचणी म्हणून घेतली. (हे सगळे आकडे समजुतीसाठी मी घेतलेले आहेत.) पूर्वचाचणीची सरासरी ९ आली, उत्तरचाचणीची १४. वाढ ५ गुणांची. अहवाल इथेच संपवायचा मोह होतो.

पण उत्तरपत्रिका मोजल्या तर उत्तरचाचणीच्या २४च निघतात. सहा जण मधेच यायचे थांबले. त्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या तर त्यांची सरासरी होती ६. म्हणजे ज्यांना सर्वांत कमी येत होते तेच गळाले. ते गळाल्यामुळेच, कोणीही काहीही न शिकता, उरलेल्यांची पूर्वचाचणीची सरासरी ९वरून ९.७५वर जाते. तेव्हा वाढ मोजायची ती या २४ जणांची, त्यांच्याच आधीच्या गुणांशी जोडी लावून. ती येते ४.२५. अशी जोडी लावायची तर दोन्ही उत्तरपत्रिकांवर तोच क्रमांक हवा. नाव नको असेल तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक अंक द्यावा. हे करायचे राहिले, तर नंतर कोणतेही गणित ती उणीव भरून काढू शकत नाही.

आता या ४.२५च्या आत पाहू. एक प्रश्न होता : ‘पाण्यातून चालून आल्यावर प्रतिबंधक औषधासाठी डॉक्टरांकडे किती वेळात जावे?’ ७२ तासांच्या आत, हे उत्तर आधी ७ जणांना आले, नंतर २२ जणांना. दुसरा प्रश्न चूक की बरोबर असा होता : ‘पायाला जखम नसेल तर लेप्टोचा धोका नाही.’ हे विधान चूक आहे, कारण जंतू डोळे-नाक-तोंडाच्या नाजूक त्वचेतून आणि पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही शिरू शकतात. इथे आधी १२ जण बरोबर होते, नंतर १३. दोनच पर्याय असलेल्या प्रश्नात २४पैकी १२ जण नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. म्हणजे हा मुद्दा शिकवला गेला, पण पोचला नाही. माझ्या मते सबंध अहवालात सर्वांत उपयोगी ओळ हीच, कारण पुढच्या तुकडीला काय वेगळे सांगायचे ते तिच्यातून कळते. सरासरीत ती दिसत नाही.

एकाचे गुण १३वरून ८वर आले, असेही आढळते. उत्तरपत्रिका उलटून पाहावी. मागची बाजू कोरी असेल, तर तो विसरला असे म्हणता येत नाही. बहुधा त्याने पान उलटलेच नाही, किंवा दुकानात परतायची घाई होती. म्हणून तपासताना ‘चूक’ आणि ‘सोडवलाच नाही’ यांची नोंद वेगळी ठेवायला हवी.

यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. या जूनमध्ये फक्त प्रशिक्षण झाले नाही, पाऊसही पडला. वर्तमानपत्रांत लेप्टोच्या बातम्या येऊ लागल्या, महापालिकेची आवाहने निघाली, एखाद्या ओळखीच्याला केईएममध्ये दाखल केल्याची चर्चा झाली. प्रशिक्षण नसतेच, तरी गुण काही वाढले असते. ते किती, हे शोधायला तुलनेचा गट लागतो. जवळच्याच दुकानांतल्या २४ जणांना प्रशिक्षण जुलैमध्ये द्यायचे ठरवले आणि चाचण्या मात्र त्याच दोन दिवशी घेतल्या. त्यांचे गुण ९.५वरून ११.२५ झाले, म्हणजे १.७५ने वाढले. आपल्या ४.२५मधून ते वजा केले की उरतात २.५. कोणती दुकाने आधी आणि कोणती नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले असावे. उत्साही मालकांची दुकाने आधी घेतली, तर त्या उत्साहाचे गुणही प्रशिक्षणाच्या खात्यात जमा होतात.

हे मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेले आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, वर्गात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसत. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन केले. निबंध २००७मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे सोडतीने ठरले, आणि वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी दोन्ही गटांची परीक्षा झाली. बालसखी नसलेली मुलेही वर्षभर शाळेत शिकत होतीच. त्यांची वाढ वगळल्यावर फरक उरला पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन. म्हणजे मुलामुलांच्या गुणांत एरवी जेवढे अंतर असते, त्याच्या पावपटीहून थोडा जास्त. शालेय कार्यक्रमासाठी ही चांगलीच वाढ. पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा फरक सुमारे ०.१वर आला होता. हेही त्यांनी निबंधात लिहिले.

आपल्या २.५कडे परत येऊ. दोन्ही गटांत माणसे चोवीसच. प्रत्येकाच्या वाढीत साधारण चार गुणांचे विचलन धरले, तर खरा फरक ०.२पासून ४.८पर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय एका दुकानातली माणसे दिवसभर आपसात बोलतात. एकाला कळले की चौघांना कळते. म्हणून प्रत्यक्षात ही अनिश्चितता आणखीच रुंद धरावी लागते.

तेव्हा अहवालात मी असे लिहीन : ‘शेवटपर्यंत आलेल्या २४ जणांचे सरासरी गुण ९.७५वरून १४ झाले. प्रशिक्षण न मिळालेल्या गटापेक्षा ही वाढ २.५ गुणांनी जास्त आहे. गट लहान असल्याने हा फरक बराच कमी किंवा जास्त असू शकतो. गळालेल्या सहा जणांबद्दल काही सांगता येत नाही. जखम नसतानाही धोका असतो हा मुद्दा पोचलेला नाही. पाण्यातून आल्यावर कोण खरोखर दवाखान्यात गेले, हे या चाचणीने मोजलेले नाही.’

ते शेवटचे मोजायचे असेल तर सप्टेंबरमध्ये, पावसाळा संपायच्या आत, दोन्ही गटांना पुन्हा भेटावे लागेल. एव्हाना दुसऱ्या गटालाही प्रशिक्षण मिळालेले असते, त्यामुळे तेव्हा तुलना उरत नाही, फक्त नोंद उरते. तरी ती घ्यावी. विचारताना ‘तुम्ही औषध घेता का?’ असे विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. शेवटचे पाणी भरले तो दिवस कोणता, त्या दिवशी घरी कसे गेलात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठल्या दवाखान्यात गेलात आणि चिठ्ठी जवळ आहे का, असे एकेक विचारत जावे.