उपाहारगृहातील अन्नविषबाधेची चौकशी

समजा, एका कारखान्याच्या उपाहारगृहात दुपारी जेवलेल्या 120 कामगारांपैकी 50 जणांना मध्यरात्रीच्या सुमारास पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले, परंतु ज्वर वा वांती क्वचितच आढळली. अशी तक्रार दाखल होताच चौकशी अधिकाऱ्याने प्रथम उरलेले अन्न फेकण्यास मनाई करून त्याचे नमुने थंड स्थितीत मोहोरबंद करावेत व रुग्णांचे शौचनमुने घ्यावेत. कारण भांडी घासली गेली, की पुरावाही वाहून जातो.

त्यानंतर आजारी व निरोगी अशा सर्वांच्याच जबान्या घ्याव्यात. येथे कोंबडीचा रस्सा खाणाऱ्या 80 पैकी 48, म्हणजे शेकडा 60, तर न खाणाऱ्या 40 पैकी 2, म्हणजे शेकडा 5 आजारी पडले. भाताच्या बाबतीत असा भेद दिसला नाही, म्हणून संशय रश्श्यावर स्थिरावतो. भोजन व विकार यांतील सुमारे 12 तासांचे अंतर क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूकडे निर्देश करते. मात्र निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालानंतरच द्यावा.

मुदपाकखान्याच्या तपासणीत असे निष्पन्न झाले, की रस्सा आदल्या रात्री शिजवून मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला होता आणि सकाळी केवळ कोमट केला होता. शिजवण्यातून वाचलेली बीजाणुरूपे त्या मंद उष्णतेत वाढली. सबब रस्सा उथळ भांड्यांत विभागून त्वरित थंड करावा, वाढण्यापूर्वी 75 अंश सेल्सियसपर्यंत तापवावा, तापमानाची नोंदवही ठेवावी आणि अंमलबजावणीची फेरतपासणी अकस्मात करावी.