आडवा पडलेला व्हिडिओ

दिवाळीत बहीण अंगणात रांगोळी काढत होती. तिच्या डोक्यावर फोन उभा धरून, पण कॅमेरा थेट जमिनीकडे रोखून मी व्हिडिओ घेतला. संगणकावर घेतला, तर रांगोळी एका कुशीवर! फोनमध्ये पाहिलं, तिथेही तेच.

कारण कळायला फोनच्या आत डोकवावं लागतं. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये पक्का बसवलेला असतो. फोन कसाही धरा, बहुतेक फोन चित्र १९२० बाय १०८० असं आडवंच साठवतात. फोन उभा असेल, तर फाइलमध्ये फक्त एक सूचना लिहिली जाते: दाखवताना ९० अंश फिरवा. फोन उभा की आडवा, हे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरतं, आणि तेही रेकॉर्डिंग सुरू होतानाच. फोन जमिनीला समांतर असला की ती दिशा कळत नाही आणि चुकीची सूचना लिहिली जाते. माझं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून दुरुस्तीआधी एक पाहावं. व्हिडिओ सगळीकडेच आडवा दिसतो, की फक्त एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये? सगळीकडे दिसत असेल, तर सूचनाच चुकली आहे. एफएफएमपेग या मोफत साधनाच्या नव्या आवृत्तीत ती अशी बदलता येते:

```
ffmpeg -display_rotation -90 -i rangoli.mp4 -c copy saral.mp4
```

उणे ९० म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी बाजू वर आली, तर ९० लिहून मूळ फाइलवरच पुन्हा चालवा. इथे `-c copy`मुळे चित्र जसंच्या तसं राहतं, बदलते ती सूचना. म्हणून दर्जा तसूभर घटत नाही आणि काम काही क्षणांत होतं.

फोनमध्ये सरळ आणि सॉफ्टवेअरमध्येच आडवा दिसत असेल, तर सूचना बरोबर आहे. सॉफ्टवेअर ती वाचत नाही. अशा वेळी चित्रच फिरवून नवी फाइल करावी:

```
ffmpeg -i saral.mp4 -c:a copy pakka.mp4
```

एफएफएमपेग सूचना वाचून चित्र आपणच फिरवतं. त्यात फिरवण्याची आज्ञा वेगळी जोडली, तर ते दोनदा फिरतं. ही चूक फार होते. चित्र नव्याने साठवलं जात असल्याने दर्जा थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

सॉफ्टवेअरमध्येच क्लिप हाताने फिरवली, तरी चालतं. पण प्रोजेक्ट १९२० बाय १०८०चाच राहिला, तर उभं चित्र पूर्ण दिसण्यासाठी ते जेमतेम ६०८ पिक्सेल रुंद उरतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. प्रोजेक्टचं माप १०८० बाय १९२० केलं, की रांगोळी पूर्ण पडदाभर उमटते.

आता वरून चित्रण करायचं असलं, की मी फोन आधी समोर उभा धरून रेकॉर्डिंग सुरू करतो आणि मगच खाली झुकवतो. सुरुवातीचे दोन सेकंद नंतर कापले, की झालं.