गाठ उरली, तेव्हा गोळी

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली छोटीशी गाठ काढली, तरी कधीकधी तिचा अंश मागे राहतो. उरलेली गाठ अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जादा कॉर्टिसॉल बनवायला लावत राहते. रेडिएशन दिलं तरी त्याचा पूर्ण परिणाम दिसायला अनेकदा काही वर्षं लागतात. तोवर साखर, रक्तदाब आणि हाडं औषधांच्या जोरावर सांभाळावी लागतात.

बुरशीवरचं जुनं औषध केटोकोनाझोल इथं कामाला येतं, कारण ते अ‍ॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉल तयार होण्याच्या पायऱ्याच अडवतं. यकृताला असलेल्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये बुरशीसाठी या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली. पण 2014 मध्ये कुशिंग आजारासाठी त्याच औषधाला तिथं परवानगी मिळाली. फ्रान्समधल्या 200 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उपचार चालू ठेवणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं लघवीतलं कॉर्टिसॉल नॉर्मल झालेलं होतं.

समजा, पस्तिशीच्या एका बाईंचं लघवीतलं कॉर्टिसॉल ऑपरेशननंतरही नॉर्मलच्या तिप्पट आहे. गोळी सुरू करण्याआधी त्यांचे यकृताचे एन्झाइम, पोटॅशियम आणि ईसीजी बघितले जातात, कारण हे औषध हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. सुरुवात साधारण दिवसाला 400 ते 600 मिलिग्रॅमपासून, विभागून. पहिला महिनाभर दर आठवड्याला यकृताची तपासणी होते. एन्झाइम नॉर्मलच्या तिपटीवर गेले, तर औषध बंद.

परिणाम मोजायला चोवीस तासांची लघवी साठवतात. एकाच नमुन्यावर विसंबत नाहीत, कारण आकडा दिवसागणिक बराच बदलतो. तो मुळीच खाली येत नसेल, तर डोस वाढवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: बाई अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का? पोटात आम्ल नसेल तर केटोकोनाझोल अंगात नीट शोषलंच जात नाही.

खरी कसोटी लागते ती मळमळ सुरू झाल्यावर. ती यकृत दुखावल्याची खूण असू शकते, किंवा कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेल्याची. म्हणून दोन्ही तपासण्या त्याच दिवशी करायच्या आणि तोवर गोळी थांबवायची. उलट्या होत असतील, रक्तदाब घसरत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. कॉर्टिसॉल व्यवस्थित उतरत असतानाही सावध राहायला लागतं, कारण इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे जुने डोस आता जास्त ठरू शकतात.

मिफेप्रिस्टोन मात्र कॉर्टिसॉल बनणं थांबवत नाही, पेशींवरचा त्याचा परिणाम अडवतं. त्यामुळे रक्तातला आकडा उलट वाढतो आणि या रुग्णांत कॉर्टिसॉलची तपासणी निरुपयोगी ठरते. तिथं डॉक्टर साखर, वजन, रक्तदाब आणि अंगातली ताकद बघतात. पोटॅशियमवर तर सतत लक्ष ठेवतात, ते धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.