आधी यंत्राची परीक्षा

डोकेदुखीवरच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफीन असतं. दोन्ही औषधं वेष्टनावर छापली आहेत तेवढी गोळीत खरोखर आहेत का, हे औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी या यंत्रावर तपासता येतं. गोळीचं गाळलेलं द्रावण थेंबापेक्षाही कमी घेऊन वाहत्या द्रवात सोडतात. पंप तो द्रव बारीक कणांनी ठासून भरलेल्या स्टीलच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलतो. नेहमीच्या सी-१८ कॉलममध्ये पॅरासिटामॉल कमी रेंगाळतं आणि आधी बाहेर पडतं, कॅफीन मागून येतं. स्क्रीनवर दोन उंचवटे उमटतात. त्यांना पीक म्हणतात आणि पीकखालच्या क्षेत्रफळावरून औषधाचं प्रमाण काढतात.

पण गोळीचं द्रावण यंत्राला लगेच मिळत नाही. त्याआधी शुद्ध औषधांचं ठाऊक प्रमाणातलं द्रावण, म्हणजे स्टँडर्ड, बहुधा पाच वेळा सोडतात आणि चार आकडे बघतात. हीच सिस्टिम सुटॅबिलिटी.

समजा पॅरासिटामॉलचं पीक ४.० मिनिटांना आलं आणि निम्म्या उंचीवर त्याची रुंदी ०.१२ मिनिट भरली. वेळेला रुंदीनं भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा आणि ५.५४ नं गुणायचं. सुमारे ६,१५० येतात. हा प्लेट काउंट. कॉलममध्ये प्रत्यक्षात एकही प्लेट नसते. एकत्र निघालेली दिंडी मुक्कामाला पोचेपर्यंत किती पांगली, एवढंच हा आकडा सांगतो. आकडा मोठा, तर पांगापांग कमी. कॅफीन ५.० मिनिटांना आलं आणि त्याची रुंदी ०.१५ असली, तर दोन पीकमधल्या अंतराला १.१८ नं गुणून दोन्ही रुंद्यांच्या बेरजेनं भागायचं. ४.४ च्या आसपास येतं. हे रेझोल्यूशन. साधारण १.५ पासून पुढे सारख्या उंचीची दोन पीक जवळजवळ पूर्ण सुटी होतात, त्यामुळे इथे काळजी नाही.

टेलिंग जरा वेगळं. पीकची मागची बाजू शेपटासारखी लांबली, तर पीक नेमकं कुठे संपलं हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही आणि क्षेत्रफळ डळमळतं. पायथ्याजवळ, ५ टक्के उंचीवर, पूर्ण रुंदीला पुढच्या भागाच्या रुंदीच्या दुपटीनं भागतात. सुबक पीकला १ येतो. अनेक पद्धतींत २ ही मर्यादा असते.

हे आकडे सुटे वाचले तर फक्त पास-नापास कळतं. एकत्र वाचले तर बिघाड कुठे आहे हेही कळतं. एका सकाळी पॅरासिटामॉलचं टेलिंग २.१ आलं, कॅफीनचं १.६, दोघांचे प्लेट काउंट घसरले, पण पाचही क्षेत्रफळं जवळजवळ सारखी आहेत असं धरा. क्षेत्रफळं स्थिर, म्हणजे द्रावण सोडणारी सुई आणि सिरिंज ठीक. दोन्ही पीक बिघडली आणि आधी येणारं, अरुंद पीक जास्त बिघडलं. यात संशय कॉलमच्या तोंडाशी जातो: जोडणीत नळी नीट टेकली नसेल किंवा कॉलमच्या सुरुवातीचा भराव खचून पोकळी झाली असेल. त्या पोकळीत द्रावण घुटमळतं. याउलट एखादं अल्कधर्मी औषध तेवढं शेपटाळलं आणि शेजारचं सुबक राहिलं, तर जोडणी कसत बसण्यात अर्थ नाही. तिथे द्रवाचा पीएच आणि कणांच्या पृष्ठभागाशी औषधाची चिकटाचिकटी तपासायला हवी.

चौथा आकडा सर्वांत फसवा. पाच क्षेत्रफळं १५००, १४९८, १४५२, १५०३ आणि १५०७ आली. त्यांचं सापेक्ष प्रमाण विचलन १.५ टक्के भरतं आणि २ टक्क्यांच्या नेहमीच्या मर्यादेत ते पास होतं. तरी तिसरं इंजेक्शन इतरांपेक्षा ३ टक्के कमी आहे! कदाचित सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असेल. तोच बुडबुडा गोळीच्या द्रावणाच्या वेळी आला, तर पूर्ण भरलेली गोळी ९७ टक्के दिसेल. माझ्या मते जाणता विश्लेषक इथे थांबतो, कागदावर पास लिहिलेलं असलं तरी.

स्टँडर्डच चुकीचं तोललं असेल, तर मात्र चारही आकडे झकास येतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी वेगळं तोलून दुसरं स्टँडर्ड करतात आणि दोघांची उत्तरं जुळतात का ते बघतात.

या चाचणीसाठी ज्या बॅचची तपासणी करायची तिचीच गोळी वापरायची नसते. अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट केलं आहे. ‘यंत्र बघतोय’ म्हणत खरा नमुना आधी सोडून पाहायचा आणि निकाल आवडला नाही तर तो मोजायचा नाही, ही पळवाट त्यामुळे बंद होते. परीक्षा नापास झाली, तर त्या इंजेक्शनांची नोंद तशीच ठेवून दुरुस्ती करायची आणि पाचही इंजेक्शनं पुन्हा घ्यायची. पुढे नमुने चालू असताना अधूनमधून आणि शेवटी स्टँडर्ड पुन्हा सोडतात. ते मर्यादेबाहेर गेलं, तर त्याआधीच्या चांगल्या स्टँडर्डपासून पुढचे निकाल धरत नाहीत.