झेरॉक्स काढली आणि अंतर चुकलं

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक नकाशावर 1:50,000 असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे नकाशावरचं 1 सेंटिमीटर जमिनीवर 50,000 सेंटिमीटर, अर्थात 500 मीटर असतं. 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. हे अंकप्रमाण. तीच गोष्ट वाक्यात सांगितली की शब्दप्रमाण, आणि खुणा केलेल्या पट्टीने दाखवली की रेषाप्रमाण.

सहावी-सातवीच्या मुलांना या व्याख्या पाठ असतात, पण प्रमाण हाताखालून गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी वर्गाचाच नकाशा काढायला सांगावा. वर्ग 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असेल, तर 1 सेंटिमीटरला अर्धा मीटर धरून वहीवर 16 बाय 12 सेंटिमीटरचा आयत होतो. प्रमाण 1:50. आता बाक मोजायचा. तो 120 सेंटिमीटर लांब असेल, तर नकाशावर 2.4 सेंटिमीटर. बहुतेक मुलं भिंती मोजून काढतात आणि बाक मात्र अंदाजाने, मोठे. मग वर्गातले सगळे बाक त्या आयतात मावत नाहीत आणि चूक आपोआप उघडी पडते. शिक्षकांनी आधीच सांगून टाकू नये.

दुसऱ्या कृतीला दोरा लागतो. 1:50,000 च्या नकाशावर दोन गावं निवडून वळणावळणाच्या रस्त्यावर दोरा अंथरायचा. समजा दोरा 7.4 सेंटिमीटर भरला, तर रस्ता 3.7 किलोमीटर. पट्टीने सरळ मोजलेलं अंतर 5 सेंटिमीटर, म्हणजे अडीचच किलोमीटर असू शकतं. घाटात तर प्रत्यक्ष रस्ता दोऱ्यापेक्षाही थोडा जास्तच निघतो, कारण लहान वळणं नकाशावर सरळ केलेली असतात आणि चढाची लांबी सपाट कागदावर येत नाही.

आता याच नकाशाची निम्म्या आकाराची झेरॉक्स काढा. मूळ नकाशावर 8 सेंटिमीटर असलेलं अंतर आता 4 सेंटिमीटर झालं. कागदावर छापलेलं 1:50,000 मात्र तसंच राहिलं. त्यावरून हिशेब केला तर 4 किलोमीटरचे 2 होतात! रेषाप्रमाणाची पट्टी नकाशाबरोबरच आखडते, म्हणून तिच्यावरून मोजलेलं अंतर बरोबर येतं. पुस्तकात लहान करून छापलेल्या नकाशालाही हेच लागू आहे. अशा वेळी आधी रेषाप्रमाण शोधावं. ते नसेल तर त्या नकाशावर अंतर मोजू नये.

सोडवून पाहा

1. 1:50,000 च्या नकाशावर दोन गावं 6 सेंटिमीटर दूर आहेत. सरळ अंतर किती?
2. 1:10,000 आणि 1:10,00,000 यांपैकी बृहत् प्रमाणाचा नकाशा कोणता?
3. 1:50,000 चा नकाशा लांबी-रुंदीने दुप्पट केला. नवं प्रमाण काय?

उत्तरं: 1) 3 किलोमीटर. 2) 1:10,000, थोडा भाग, पण जास्त तपशील. 3) 1:25,000, कारण 1 किलोमीटरला आता 4 सेंटिमीटर लागतात.