राजीनाम्याआधीचा मेल

निवड झाल्याचा फोन आला की घरात पेढे येतात. त्यानंतर दोन दिवसांनी कागदपत्रांची यादी येते आणि ती बहुतेक वेळा तशीच पडून राहते. मग आमच्याकडून आठवणीचा मेल जातो. पुण्यात आयटी कंपन्यांसाठी भरती करताना मी असे मेल रोज लिहिते. ज्याची निवड झाली त्याला हा मेल कटकट वाटतो, याची मला कल्पना आहे. पण तो वेळेवर का पाठवावा लागतो, हे साताऱ्याकडच्या एका मुलाच्या बाबतीत जे घडलं त्यावरून नीट कळेल.

त्याला ऑफर लेटर मिळालं होतं. जुन्या कंपनीत राजीनामा द्यायचा बाकी होता आणि तिथला नोटीस पिरियड साठ दिवसांचा होता. यादीतलं जवळजवळ सगळं त्याने पहिल्याच दिवशी पाठवलं: पॅन, पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पहिल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. पीएफच्या पोर्टलवरचं Service History हे एकच पान आलं नव्हतं. पहिल्या मेलला उत्तर नाही, दुसऱ्यालाही नाही. दहा कागद चटकन पाठवणारा माणूस एका पानाला अडतो तेव्हा तो विसरलेला नसतो. त्या पानावर काहीतरी अडचणीचं असतं. तिसरा मेल लिहायच्या ऐवजी मी फोन केला.

त्या पानावर असतं काय, ते आधी सांगते. पीएफ खातं असलेल्या प्रत्येकाला यूएएन हा बारा अंकी क्रमांक असतो. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा मेंबर आयडी त्याच्याखाली जोडला जातो. त्यामुळे कोणत्या कंपनीत कधी लागलो आणि कधी सोडलं, हे सगळं एका पानावर ओळीने दिसतं. सीव्ही आपण लिहितो, ही नोंद मात्र कंपन्या करतात. पडताळणी करणारी एजन्सी ही दोन्ही पानं शेजारी ठेवूनच बघते.

त्याच्या सीव्हीवर पहिली नोकरी 30 जुलै 2021 पर्यंत होती आणि सध्याची 4 ऑक्टोबर 2021 पासून. मधल्या दोन महिन्यांपुढे ‘घरगुती कारण’ असं लिहिलं होतं. फोनवर थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “मॅडम, मध्ये दीड महिना एका ठिकाणी होतो. रात्रपाळी झेपली नाही. 16 सप्टेंबरला मेल टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही, म्हणून सीव्हीत लिहिलंच नाही.”

मी त्याला पान उघडून मोठ्याने वाचायला सांगितलं. ती कंपनी तिथे होतीच, 2 ऑगस्ट 2021 या रुजू तारखेसह. आणि नोकरी सोडल्याच्या तारखेचा रकाना कोरा होता. तो निघून गेल्यावर तिथल्या एचआरने तारीख भरलीच नव्हती. खरी गोम इथे होती. दीड महिन्याची नोकरी लपवली हे एक झालंच, पण रकाना कोरा असल्यामुळे कागदावर असं दिसत होतं की हा मुलगा 2021 पासून आजपर्यंत एकाच वेळी दोन कंपन्यांत काम करतो आहे. दोन ठिकाणी नोकरी हा आयटीत सगळ्यात कडक धरला जाणारा मुद्दा आहे, आणि मुलाने तर तसं काही केलंच नव्हतं.

कोरा रकाना त्याला स्वतःला भरता येत होता. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की खातेदाराला पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit हा पर्याय वापरून तारीख टाकता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख मात्र शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली असावी लागते. त्याचा शेवटचा हप्ता सप्टेंबरचा होता, त्यामुळे 16 सप्टेंबर बसली. एकदा टाकलेली तारीख सहज बदलता येत नाही, म्हणून राजीनाम्याचा मेल समोर ठेवूनच ती टाकायला लावली.

सीव्हीतली चूक ज्याची त्यानेच निस्तरायची होती. पडताळणीच्या फॉर्मवर त्याने ती तिसरी कंपनी लिहिली, तारखा लिहिल्या आणि शेरा दिला: ‘रात्रपाळीमुळे सोडली, नोटीस पूर्ण केली नाही, रिलीव्हिंग लेटर नाही.’ सोबत त्या कंपनीचं ऑफर लेटर, राजीनाम्याचा मेल आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं पान जोडलं. हे सगळं मी आमच्या एचआरला आधीच कळवलं. एजन्सीने त्या नोकरीपुढे किरकोळ तफावतीचा पिवळा शेरा मारला. एजन्सी फक्त काय सापडलं ते सांगते, घ्यायचं की नाही हे कंपनी ठरवते. उमेदवाराने स्वतःहून सांगितलेलं आणि एजन्सीला सापडलेलं यांत कंपन्या मोठा फरक करतात. त्याला घेतलं. कंपनीकडून होकार आल्यावरच त्याने राजीनामा दिला.

हाच शेरा राजीनाम्यानंतर महिन्याभराने आला असता तर? जुनी नोकरी सुटलेली, नवीन ऑफर थांबलेली. असे फोन मी घेतलेले आहेत आणि त्या वेळी माझ्या हातात फार काही नसतं. म्हणून माझा आठवणीचा मेल राजीनाम्याच्या आधी जातो. ‘कागदपत्रे लवकर पाठवा’ एवढ्या एका ओळीने काम होत नाही. कोणता कागद राहिला, तो कशासाठी लागतो, कुठे अपलोड करायचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो नसेल तर कोणाला फोन करायचा, हे सगळं मी लिहिते. ‘नसेल तर’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्या मुलाला पाठवलेल्या पहिल्या दोन मेलांत ते नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. आता प्रत्येक मेलात ते असतं.

एक कागद लागतो पण उशिरा येतो: सध्याच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. ते शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर मिळतं. तोपर्यंत राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालतो. फॉर्मवर सध्याच्या कंपनीकडे आत्ता चौकशी करावी का, असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहायला विसरू नका, नाहीतर तुम्ही साहेबांना सांगण्याआधीच एजन्सीचा फोन तिथे पोचेल.

असाच मेल भामटेही पाठवतात, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का ते बघा, आणि शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून विचारा. पडताळणीसाठी उमेदवाराकडे पैसे मागणारा, ओटीपी किंवा पीएफचा पासवर्ड मागणारा माणूस रिक्रुटर नव्हे. आधार द्यायचंच असेल तर ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात ते मास्क्ड आधार आधी द्या.

आपल्याकडे नावाचा घोळही नेहमी निघतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं. क्रम उलटा असेल तर एजन्सीला ते समजतं. नावच बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातलं पान पहिल्याच फेरीत जोडावं. ते नसेल तर एजन्सी ‘इनसफिशियन्सी’ काढते, म्हणजे फाइल बाजूला ठेवते, आणि कागद येईपर्यंत पडताळणीचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

त्या मुलाने रुजू होण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलं, “मॅडम, ते दीड महिन्याचं आता सीव्हीत ठेवू का?” मी म्हटलं, ठेवा, तारखांसकट.