दोन मिलिलिटर की वीस?

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री विद्यार्थी एकमेकांना वर्कशीटचे फोटो पाठवतात. कागद थोडा तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, मध्ये एक घडी. त्यातल्या एका प्रश्नात छापलेलं असतं, "Prepare 250 mL of 0.1 M HCl from conc. HCl (37% w/w, sp. gr. 1.19)". म्हणजे बाटलीतल्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लापासून ०.१ मोलर तीव्रतेचं २५० मिली विरल आम्ल करायचं. प्रश्न एवढाच, की बाटलीतून किती आम्ल घ्यायचं. उत्तर साधारण दोन मिली येतं. पण फोटोत "0.1" मधला टिंब दिसला नाही आणि वाचणाऱ्याने तो आकडा १ धरला, तर उत्तर वीस मिलीच्या पुढे जातं. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं वाचताना सारखीच खरी वाटतात. म्हणून या गणितातला प्रत्येक आकडा कुठून येतो, ते एकदा नीट पाहायला हवं.

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत, त्याचं माप. हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक मोल म्हणजे ३६.४६ ग्रॅम. तेव्हा ०.१ मोलर आम्लाच्या एका लिटरमध्ये ३.६४६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असतं. बाटलीवर मात्र मोलॅरिटी बहुतेक वेळा लिहिलेली नसते. तिथे टक्केवारी आणि विशिष्ट गुरुत्व असतं, आणि त्यावरून मोलॅरिटी आपणच काढायची असते.

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ३७ टक्के म्हणजे १०० मिलीमध्ये ३७ ग्रॅम, असं धरलं जातं. पण "w/w" चा अर्थ वजनात वजन, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम. हे आम्ल पाण्यापेक्षा जड आहे, एका लिटरचं वजन १,१९० ग्रॅम. त्याचे ३७ टक्के म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम. त्याला ३६.४६ ने भागलं की १२.१ येतात. बाटलीतलं आम्ल १२.१ मोलर आहे. विशिष्ट गुरुत्व विसरून गणित केलं तर उत्तर १०.१ मोलर निघतं, स्टॉक आहे त्यापेक्षा कमजोर समजला जातो आणि बाटलीतून जवळपास एकपंचमांश आम्ल जास्त घेतलं जातं.

पुढचं काम सोपं आहे. कोकमाच्या सिरपमध्ये पाणी ओतलं, तरी सिरपमधली साखर तेवढीच राहते, ती फक्त जास्त पाण्यात पसरते. आम्लाचंही तसंच. स्टॉकमधून घेतलेले मोल आणि तयार द्रावणातले मोल एकच असतात. हेच वाक्य सूत्रात असं लिहितात:

M₁V₁ = M₂V₂

आपल्याला हवेत ०.१ × २५० म्हणजे २५ मिलिमोल. ते १२.१ ने भागले की साधारण २.१ मिली. आकडेमोड न करताही पडताळता येतं. १२ मोलरचं ०.१ मोलर करायचं म्हणजे १२० पट पातळ करायचं, आणि २५० चा १२० वा भाग दोनच्या आसपासच येणार. सूत्रात आकडे घालण्याआधी हा "किती पट" चा प्रश्न विचारण्याची सवय मला सर्वांत उपयोगी वाटते. दोन्ही बाजूंना मिलिलिटर असले, तर लिटरमध्ये बदलण्याची गरजही पडत नाही. एका बाजूला लिटर आणि दुसऱ्या बाजूला मिलिलिटर झाले, तर उत्तर हजारपट चुकतं, आणि हा "किती पट" चा प्रश्न ती चूक लगेच पकडतो.

टिंबाची चूक मात्र त्याने पकडली जात नाही. कारण १ मोलर वाचलं, तर १२ पट पातळ करायचं, आणि २०.७ मिली हे उत्तरही आतून सुसंगतच येतं. अशा वेळी कागदावर दुसरीकडे पाहावं लागतं. त्याच वर्कशीटवर पुढे टायट्रेशनचा तक्ता असतो: १० मिली ०.०५ मोलर सोडियम कार्बोनेट, दर्शक मिथाइल ऑरेंज. कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणून ०.१ मोलर आम्ल असेल तर ब्युरेटचं वाचन १० मिलीच्या जवळ येईल. आम्ल १ मोलर असेल तर एका मिलीतच रंग बदलेल. असं वाचन घेता यावं म्हणून कोणी वर्कशीट तयार करत नाही. तेव्हा "0.1" च बरोबर, हे फोटोबाहेर न जाताही कळतं. काही वर्कशीटवर "M/10" असंही छापतात. त्यात हरवण्यासारखा टिंबच नसतो, म्हणून मला ते जास्त आवडतं.

आता काचेच्या भांड्यांकडे वळू. २५० मिलीचा अर्थ २५० मिली पाणी ओतणं नव्हे, तर एकूण द्रावण २५० मिली होईपर्यंत पाणी भरणं. दोन मिली आम्लाच्या बाबतीत हा फरक एक टक्क्यापेक्षा कमी पडतो. पण १ मोलर आम्लातले २५ मिली घेऊन त्यात २५० मिली पाणी घातलं, तर एकूण २७५ होतात आणि द्रावण ०.१ ऐवजी ०.०९१ मोलर बनतं. म्हणून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क वापरायचा. आधी निम्म्याच्या आसपास पाणी घ्यायचं, मग आम्ल, फ्लास्क हलवून थंड होऊ द्यायचा आणि शेवटी द्रावणाचा खालचा वक्र काठ मानेवरच्या खुणेला टेकेपर्यंत पाणी भरायचं. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही. बाटली धूरकक्षात उघडायची आणि पिपेट कधीही तोंडाने ओढायची नाही.

२.१ मिली मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. लहान मोजपात्राने ०.१ मिलीची चूक झाली, तर तीव्रतेत पाच टक्के फरक पडतो. आधी ८.३ मिली आम्लापासून १०० मिली १ मोलर द्रावण केलं, तर तेवढीच चूक एका टक्क्याच्या थोडी वर राहते. मग त्यातले २५ मिली पिपेटने घेऊन २५० पर्यंत न्यायचे. एक पायरी वाढते, पण ती वाढवलेली बरी.

इतकं करूनही द्रावण नेमकं ०.१ मोलर असेलच असं नाही, कारण तीव्र आम्लातून वायू निसटत राहतो आणि उघडून जुन्या झालेल्या बाटलीचं बळ लेबलपेक्षा कमी असतं. म्हणूनच वर सांगितलेलं टायट्रेशन करायचं. समजा ब्युरेटवर ९.६ मिली आले. कार्बोनेटचे ०.५ मिलिमोल, त्याला आम्लाचे १ मिलिमोल लागले, तेव्हा १ भागिले ९.६ म्हणजे ०.१०४ मोलर. विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे, की फोटो काढताना कागद सपाट ठेवा आणि बाटलीच्या लेबलचाही एक फोटो घ्या. आणि द्रावण तयार झालं, की बाटलीवर ०.१ लिहू नका, ०.१०४ मोलर आणि त्या दिवसाची तारीख लिहा.